साखर गोदामात, पैसे वाटेत

मार्चअखेरीस साखर कारखान्याच्या गोदामात पाऊल टाकले की पन्नास किलोच्या पोत्यांच्या थप्प्या थेट छताला भिडलेल्या दिसतात. त्याच दिवशी त्याच कारखान्याच्या शेतकी विभागात एखादा ऊस उत्पादक उभा असतो आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याचे बिल कधी जमा होणार, हे विचारत असतो. त्याला मिळणारे उत्तर ठरलेले असते: साखर भरपूर आहे, पैसे येतीलच. साखर खरोखरच असते. हिशेबात लबाडी असतेच असे नाही आणि कारखाना तोट्यातही नसतो. तरीही त्या आठवड्यात द्यायला पैसे नसतात.

हा पेच ताळेबंदात आधीच दिसतो. तो पाहण्यासाठी हिशेबनीस दोन गुणोत्तरे वापरतात: करंट रेशो, म्हणजे चालू गुणोत्तर, आणि क्विक रेशो, म्हणजे त्वरित गुणोत्तर. कुठल्याही कंपनीला ती लावता येतात, पण त्यांच्यातली तफावत साखर कारखान्यात जितकी उघडी पडते तितकी दुसरीकडे क्वचितच पडत असेल. पाच महिन्यांत तयार केलेला माल वर्षभर पुरवून विकायचा आणि कच्च्या मालाचे पैसे मात्र लगोलग द्यायचे, असा हा धंदा आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत त्याची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, शेतकऱ्याला द्यावी लागते. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागते.

आधी दोन्ही गुणोत्तरांचा अर्थ पाहू. ताळेबंदात मालमत्तेचे दोन भाग केलेले असतात. जमीन, इमारत, यंत्रे ही दीर्घ मुदतीची मालमत्ता. जे येत्या बारा महिन्यांत पैशांत रूपांतरित होईल असे धरले आहे, ती चालू मालमत्ता: रोकड, बँकेतली शिल्लक, ग्राहकांकडून यायचे पैसे, मालाचा साठा, कुणाला दिलेली आगाऊ रक्कम. देण्यांचेही तसेच. बारा महिन्यांत फेडायची ती चालू देणी. दीर्घ मुदतीच्या कर्जाचे या वर्षी पडणारे हप्तेसुद्धा त्यांत येतात. चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागले की चालू गुणोत्तर मिळते. त्याच भागाकारात वरच्या रकमेतून मालाचा साठा वजा केला की त्वरित गुणोत्तर मिळते. माल विकला जाईपर्यंत त्याचे पैसे होत नाहीत, म्हणून तो बाजूला ठेवायचा, एवढाच त्यामागचा विचार आहे.

आता एक खासगी साखर कारखाना घेऊ. आकडे समजुतीसाठी मी बसवलेले आहेत, पण प्रमाण पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यम आकाराच्या कारखान्यासारखे ठेवले आहे. हंगामात बारा लाख टन ऊस गाळला. ३१ मार्चला गोदामात दहा लाख क्विंटल साखर शिल्लक आहे. क्विंटलला ३,३०० रुपये धरले तर ती ३३० कोटींची होते. मळी, इथेनॉल आणि स्टोअर्समधले सुटे भाग मिळून आणखी ४५ कोटी. तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे आणि सहवीजनिर्मितीच्या विजेचे यायचे ४५ कोटी. ऊसतोडणी आणि वाहतुकीच्या ठेकेदारांकडे अडकलेले अ‍ॅडव्हान्स २० कोटी. सरकारकडून यायचे अनुदान आणि कराचा परतावा १० कोटी. बँकेत १० कोटी, त्यांतले ४ कोटी बँक हमीसाठी ठेव म्हणून अडकवलेले. चालू मालमत्तेची एकूण बेरीज ४६० कोटी.

देण्यांत सर्वांत मोठा आकडा साखरेवर काढलेल्या मालतारण कर्जाचा, २६० कोटी. शेतकऱ्यांची ऊसबिले ७० कोटी. तोडणी-वाहतुकीची आणि पुरवठादारांची बिले ३० कोटी. जुन्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचे वर्षभरातले हप्ते ३५ कोटी. पगार, कर वगैरे १५ कोटी. बेरीज ४१० कोटी.

४६० भागिले ४१०, म्हणजे चालू गुणोत्तर १.१२. देण्यांपेक्षा मालमत्ता ५० कोटींनी जास्त आहे, तेव्हा वरवर सगळे भागते असे वाटते. पण बँकेच्या अधिकाऱ्याला हा आकडा पसंत पडणार नाही. आपल्याकडे बँकांच्या मनात १.३३ हा आकडा पक्का बसलेला आहे आणि त्याला इतिहास आहे. १९७४ साली रिझर्व्ह बँकेने प्रकाश टंडन यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल पुढच्या वर्षी आला. हे टंडन हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष होते. गटाचे म्हणणे असे की चालू मालमत्तेचा निदान चौथा हिस्सा उद्योजकाने आपल्या दीर्घ मुदतीच्या पैशांतून उभा करावा, सगळा भार बँकेवर आणि पुरवठादारांवर टाकू नये. शंभर रुपयांच्या चालू मालमत्तेमागे पंचाहत्तर रुपयांची चालू देणी, म्हणजे भागाकार १.३३. पाठ्यपुस्तकांत दोनास एक हे प्रमाण आदर्श म्हणून दिलेले असते. ते अमेरिकन बँकांच्या जुन्या कर्जव्यवहारातून आले आहे आणि हंगामी धंद्याला ते लावण्यात काही अर्थ नाही.

आता त्वरित गुणोत्तर. ४६० मधून साखर, मळी, इथेनॉल आणि सुटे भाग असे ३७५ कोटी काढले की ८५ कोटी उरतात. ८५ भागिले ४१०, म्हणजे ०.२१. रुपयाच्या देण्यामागे एकवीस पैसे. बऱ्याच मोबाइल अ‍ॅपवर आणि शेअरविषयक संकेतस्थळांवर एवढाच हिशेब करून आकडा दाखवतात. मला तो अपुरा वाटतो, कारण उरलेल्या ८५ कोटींतही सगळे पैसे ‘त्वरित’ नसतात.

ठेकेदारांकडचे २० कोटी पाहा. हंगाम सुरू होण्याआधी, जुलै ते सप्टेंबरमध्ये, कारखाना तोडणी-वाहतूक ठेकेदारांशी करार करतो. ठेकेदार तो पैसा मुकादमाला देतो आणि मुकादम मजुरांच्या जोड्यांना. बीडपासून नगरपर्यंतच्या दुष्काळी भागातून टोळ्या येतात आणि हे अ‍ॅडव्हान्स त्यांच्या कामाच्या बिलातून वळते होते. म्हणजे ते रोख परत येत नाही, कामाच्या रूपाने फिटते. हंगाम संपल्यावरही जे २० कोटी उरलेत, ते बहुधा अशा ठेकेदारांकडे आहेत ज्यांची टोळी आलीच नाही किंवा अर्ध्यावर निघून गेली. पुढच्या हंगामात ते काम करतील तेव्हा हिशेब पुरा होईल. काहींच्या बाबतीत तो कोर्टातच पुरा होईल. सरकारकडचे १० कोटी येतील, पण तारीख कारखान्याच्या हातात नाही. हमीसाठी अडकवलेले ४ कोटी हमी सुटेपर्यंत हलणार नाहीत. हे सगळे वजा केले की खऱ्या अर्थाने हाताशी येणारे ५१ कोटी उरतात आणि गुणोत्तर ०.१२ वर येते.

इथे एखादा साखर उद्योगातला माणूस हरकत घेईल आणि ती रास्त आहे. तो म्हणेल, साखर काही जुनाट कापड नाही; ती विकली जातेच, आणि रोज विकली जाते. मग ३३० कोटींची साखर शून्य धरून कारखान्याला दिवाळखोर ठरवणे बरोबर आहे का? नाही. पण त्याच कारणाने ती पूर्ण ३३० कोटी धरणेही बरोबर नाही. त्या साखरेतला कारखान्याचा वाटा किती आणि तो कधी सुटतो, हे पाहावे लागते. दोन्ही गुणोत्तरांच्या मधली खरी गोष्ट इथेच दडलेली आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

मालतारण कर्ज म्हणजे साखर बँकेच्या ताब्यात. गोदामाला बँकेचे कुलूप असते आणि पोत्यांची नोंद बँकेच्या वहीत. साखरेची किंमत ठरवून बँक त्यातला काही भाग स्वतःच्या सुरक्षिततेसाठी राखते, उरलेल्या रकमेची उचल देते. राखलेल्या भागाला बँकेच्या भाषेत दुरावा किंवा मार्जिन म्हणतात. आपल्या कारखान्याने दहा लाख क्विंटलवर २६० कोटी उचलले आहेत, म्हणजे क्विंटलमागे २,६०० रुपये. व्यापाऱ्याने ३,३०० रुपयांनी साखर घेतली की पैसे आधी बँकेत जातात, बँक आपले २,६०० वळते करून घेते आणि मग गोदामातून तेवढी पोती सुटतात. कारखान्याकडे करवगळता ७०० रुपये येतात. त्यातूनही जुन्या कर्जाच्या हप्त्यांसाठी बँक क्विंटलमागे ठरावीक रक्कम कापून घेते. याला कारखान्यात टॅगिंग म्हणतात. ते २५० रुपये धरले तर हातात ४५० रुपये पडतात.

शिवाय कारखाना मनाला येईल तेवढी साखर विकू शकत नाही. जून २०१८ पासून केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला महिन्याचा कोटा ठरवून देते आणि त्या महिन्यात देशातल्या बाजारात तेवढीच साखर विकता येते. आपल्या कारखान्याला महिन्याला एक लाख क्विंटलचा कोटा मिळाला असे धरू. एक लाख क्विंटल गुणिले ४५० रुपये, म्हणजे महिन्याला साडेचार कोटी. ३३० कोटींच्या साखरेतून एप्रिल महिन्यात कारखान्याच्या हाती पडणारी रक्कम ही एवढीच.

आता ऊसबिलांचे ७० कोटी समोर ठेवा. चौदा दिवसांत ती द्यायची आहेत. बँकेत मोकळे ६ कोटी आहेत. तेल कंपन्यांचे आणि विजेचे ४५ कोटी टप्प्याटप्प्याने दोन-तीन महिन्यांत येतील. साखरेचे महिन्याला साडेचार कोटी. मळी आणि इथेनॉलच्या साठ्यातून थोडे. याच पैशांतून परत निघालेल्या टोळ्यांचा हिशेब, कामगारांचे पगार आणि यंत्रांच्या दुरुस्तीचा खर्च व्हायचा आहे. हप्ते बऱ्याच अंशी टॅगिंगमधून जातील, तेव्हा ते बाजूला ठेवा. तरीही ऊसबिलांचा शेवटचा भाग जून-जुलैपर्यंत लांबणार, हे कागदावर दिसते आहे. ७० कोटी थकल्यास १५ टक्क्यांनी महिन्याचे व्याज ८७ लाखांच्या पुढे जाते. हे व्याज देण्यांत धरले आहे की नाही, हे ताळेबंदाच्या टिपांमध्ये शोधावे. धरले नसेल तर चालू गुणोत्तर आहे त्याहून बरे दिसते.

अशा धंद्यात मी स्वतः तिसरा एक भागाकार करून पाहतो. साखर आणि तिच्यावरचे कर्ज ही जोडी दोन्ही बाजूंनी उचलून बाजूला ठेवायची, कारण एकाची फेड दुसऱ्यातूनच होणार आहे. देण्यांतून २६० गेले की १५० कोटी उरतात. समोर हाताशी येणारे ५१ कोटी. गुणोत्तर ०.३४. चालू गुणोत्तराच्या १.१२ पेक्षा आणि त्वरित गुणोत्तराच्या ०.१२ पेक्षा हा आकडा परिस्थितीच्या जास्त जवळ जातो. ज्यांना तारण नाही अशा देणेकऱ्यांच्या, म्हणजे शेतकरी, वाहतूकदार, पुरवठादार आणि कामगार यांच्या, प्रत्येक रुपयामागे लवकर येणारे चौतीस पैसे आहेत. बाकीचे त्यांना साखरेच्या दुराव्यातून, कोट्याच्या गतीने, थेंबाथेंबाने मिळणार. थकबाकीसाठी पुण्याच्या साखर आयुक्तालयाने महसुली वसुलीचा आदेश, म्हणजे आरआरसी, काढला तरी जप्त करायला गेलेल्या अधिकाऱ्याला गोदामावर बँकेचे कुलूप दिसते.

हा दुरावा किती नाजूक असतो, तेही पाहण्यासारखे आहे. समजा, साखरेचा दर ३,३०० वरून ३,१०० वर आला. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये केली होती, तीच ही पातळी. साठ्याची किंमत २० कोटींनी घटते आणि चालू गुणोत्तर १.१२ वरून १.०७ वर येते. पाहणाऱ्याला वाटेल, फारसे काही झाले नाही. पण बँकेचे २,६०० आणि टॅगिंगचे २५० कायम आहेत, त्यामुळे क्विंटलमागे कारखान्याच्या हाती ४५० ऐवजी २५० रुपये पडतात. महिन्याचे साडेचार कोटी अडीच कोटी होतात. दरात सहा टक्क्यांची घट आणि हाती येणाऱ्या पैशांत चव्वेचाळीस टक्क्यांची. शिवाय बँक नव्या दराने मूल्यांकन करते, ठरलेला दुरावा उरत नाही आणि कारखाना ‘शॉर्ट मार्जिन’मध्ये जातो. मग फरक भरेपर्यंत नवी उचल बंद. साखरपट्ट्यातल्या वर्तमानपत्रांत हा शब्द दिसला की ऊसबिले थकणार, हे जाणत्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

साठा कधी रोख होईल हे दरावर अवलंबून असते, तसेच धोरणावरही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध आणले. काही दिवसांत ते थोडे सैल केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. ज्यांनी रसाच्या इथेनॉलवर पैशांचे गणित बसवले होते, त्यांच्या उसाची साखर झाली आणि ती गोदामात गेली. इथेनॉलचे पैसे विक्रीनंतर काही आठवड्यांत येतात, साखरेचे कोट्याप्रमाणे. चालू मालमत्तेची बेरीज जवळपास तीच राहिली तरी त्या पैशांना लागणारा वेळ कितीतरी वाढला. चालू गुणोत्तराला हा वेळ दिसत नाही. बारा दिवसांत येणारा रुपया आणि अकरा महिन्यांनी येणारा रुपया त्याच्या लेखी सारखेच.

एकाच तारखेचा ताळेबंद पाहून निकाल देऊ नये, हे साखरेच्या बाबतीत तर फारच महत्त्वाचे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सप्टेंबरअखेरीसही मालमत्ता-देण्यांचे पत्रक द्यावे लागते, ते मार्चच्या शेजारी ठेवावे. आपल्या कारखान्याचे पाहू. सहा महिन्यांत सहा लाख क्विंटल साखर विकली गेली. चार लाख उरली, ती १३२ कोटींची. तिच्यावरचे कर्ज १०४ कोटींवर आले. ऊसबिले अजून २० कोटींची थकलेली आहेत. येत्या हंगामाच्या तयारीसाठी ४० कोटींचे अल्प मुदतीचे कर्ज घेतले आणि तोडणी-वाहतुकीचे अ‍ॅडव्हान्स ६० कोटींवर गेले. बाकी किरकोळ फरक धरून चालू मालमत्ता २६८ कोटी आणि चालू देणी २३९ कोटी झाली.

चालू गुणोत्तर पुन्हा १.१२. जणू काहीच बदलले नाही. वरवरचे त्वरित गुणोत्तर मात्र ०.२१ वरून ०.४५ झाले, दुपटीहून जास्त. एखाद्या अ‍ॅपवर हा आकडा पाहणारा गुंतवणूकदार कंपनीची तब्येत सुधारली म्हणून खूश होईल. वाढ कशाने झाली? साठा कमी झाला आणि अ‍ॅडव्हान्स वाढले. अ‍ॅडव्हान्स साठ्यात मोजत नाहीत, म्हणून ते ‘त्वरित’ मालमत्तेत गेले. ते, सरकारी येणी आणि अडकलेली ठेव काढून टाका; उरतात ३४ कोटी आणि गुणोत्तर ०.१४. मार्चला ते ०.१२ होते. सहा महिन्यांत कारखाना जिथे होता तिथेच आहे, फक्त पैसे गोदामातून निघून मुकादमांकडे पोचले आहेत. त्वरित गुणोत्तर वाचताना साठ्याखेरीज काय उरले, याची एकेक ओळ उघडून पाहावी असे मी म्हणतो ते यासाठीच.

वर्षअखेरीच्या एका करामतीकडेही लक्ष असावे. एखाद्या कंपनीची चालू मालमत्ता १२० कोटी आणि चालू देणी १०० कोटी आहेत, गुणोत्तर १.२. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिने ५० कोटींची देणी रोखीने फेडली. आता मालमत्ता ७०, देणी ५० आणि गुणोत्तर १.४. कंपनीची ताकद रुपयानेही वाढलेली नाही, उलट हाताशी असलेली रोकड गेली. यात बेकायदा काहीच नाही. एप्रिलमध्ये तीच कंपनी पुन्हा उधारीवर माल घेते आणि गुणोत्तर मूळपदावर येते. गुणोत्तर एकाच्या खाली असेल तर मात्र हाच डाव उलटतो: ८० भागिले १०० असताना ५० फेडले की ३० भागिले ५०, म्हणजे ०.८ चे ०.६ होते. म्हणून अडचणीतली कंपनी मार्चमध्ये देणी फेडण्याऐवजी थकवताना दिसते. मार्चमध्ये पुरवठादारांचे देणे दरवर्षी अचानक घटते आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा फुगते, असे दिसले तर कारण समजून घ्यावे.

कमी गुणोत्तर म्हणजे दुबळी कंपनी, असा नियम करू नये हेही इथे सांगायला हवे. रोखीने विकणारा आणि पुरवठादारांना महिन्या-दीड महिन्याने पैसे देणारा धंदा असेल तर त्याचे चालू गुणोत्तर एकाच्या खाली असूनही तो सुखाने चालतो. साबण, टूथपेस्ट, बिस्किटे अशा रोजच्या वस्तूंच्या मोठ्या कंपन्यांना विक्रेत्यांकडून पैसे लवकर मिळतात आणि त्यांची देणी सावकाश फिटतात; त्यांचे खेळते भांडवल पुरवठादारच पुरवतात. अशा कंपनीत विक्री घटू लागली तर मात्र चाक उलटे फिरते, कारण कालच्या उधारीचे पैसे आजच्या विक्रीतून जात असतात. बँका आणि वित्त कंपन्यांना ही गुणोत्तरे लागूच पडत नाहीत. त्यांच्या ताळेबंदात चालू आणि दीर्घ मुदतीची अशी विभागणीच नसते.

ही माहिती मिळते कुठे? कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२१-२२ या वर्षापासून कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांमध्ये ठरावीक गुणोत्तरे छापावी लागतात. त्यात चालू गुणोत्तर आहे. ते मागच्या वर्षीपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त बदलले तर कारणही लिहावे लागते. हे कारण जरूर वाचावे. ‘साठ्यातील वाढीमुळे’ असे मोघम लिहिले असेल तर कुठला साठा आणि का, हे पुढच्या टिपांतून शोधावे. त्वरित गुणोत्तर त्या यादीत नाही, ते वाचकानेच काढायचे. त्याच दुरुस्तीने येण्यांचा आणि देण्यांचा वयानुसार तक्ताही सक्तीचा केला. येण्यांमध्ये सहा महिन्यांच्या आतली किती, वर्षापर्यंतची किती, तीन वर्षांहून जुनी किती, ते त्यात वेगवेगळे दिसते. तीन वर्षे जुनी येणी ‘चालू’ या मथळ्याखाली असतील तर ती मी सरळ वजा करतो. सहकारी कारखाने सहकार कायद्याखाली येतात, त्यांना हा नमुना लागू नाही. त्यांचा ताळेबंद वार्षिक सभेआधी सभासदांना मिळणाऱ्या अहवालात असतो आणि हे सगळे भागाकार सभासदाला कागद-पेन्सिलीने करावे लागतात. साखर तारण कर्ज, ऊसबिले देणे आणि तोडणी-वाहतूक अ‍ॅडव्हान्स या ओळी त्यातही सापडतात.

कंपनीच्या लेखापरीक्षकाचा अहवालही सोबत असतो. २०२० च्या लेखापरीक्षण आदेशाने त्याच्या दोन परिच्छेदांना या विषयात वजन दिले आहे. एकात त्याला सांगावे लागते की अल्प मुदतीसाठी घेतलेले पैसे दीर्घ मुदतीच्या कामाला वापरले आहेत का. दुसऱ्यात गुणोत्तरे, येण्या-देण्यांच्या तारखा आणि व्यवस्थापनाच्या योजना पाहून वर्षभरातली देणी कंपनी फेडू शकेल की नाही, याविषयी त्याला शंका वाटते का. पहिल्या परिच्छेदात ‘होय’ आले तर साखर कारखान्यात त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: आसवनी किंवा सहवीजनिर्मितीचा प्रकल्प दीर्घ मुदतीचे कर्ज मंजूर होण्याआधी, किंवा ते अपुरे पडल्यामुळे, ऊसबिलांच्या पैशांतून उभा राहिला.

तसे झाले तर आकड्यांत काय दिसते? आपल्या कारखान्याने आसवनीवर ४० कोटी असेच खर्च केले असे धरा. रोकडीतून आणि येण्यांतून २० कोटी गेले, आणखी २० कोटींची ऊसबिले थकवली. चालू मालमत्ता ४४० आणि चालू देणी ४३० कोटी, गुणोत्तर १.०२. हाताशी येणारे ५१ कोटी होते ते ३१ झाले, तारण नसलेली देणी १५० ची १७० झाली आणि आपला तिसरा भागाकार ०.३४ वरून ०.१८ वर आला. आसवनी चांगली चालेल, तीन वर्षांनी नफाही देईल. पण तिचे पत्रे, टाक्या आणि पंप आता दीर्घ मुदतीच्या मालमत्तेत गेले आहेत आणि तिथून एप्रिलची ऊसबिले देता येत नाहीत. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याने दोन कारखान्यांचे जाहीर दर तोलताना ही ओळही शेजारी ठेवावी. टनाला शंभर रुपये जास्त सांगणारा कारखाना ते कधी देणार, याचे उत्तर बरेचदा तिथेच मिळते.